टांगलेले पाइप आणि गच्चीवरची यंत्रं: भूकंपरोधक ब्रेसिंगचा पहिला हिशेब

पुण्यातल्या बऱ्याच डिझाइन ऑफिसांत आज कॅलिफोर्नियातल्या इमारतींच्या पाइपिंगची ड्रॉइंग बनतात. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना तिथे पहिला धक्का बसतो तो ‘सिस्मिक ब्रेसिंग’ नावाच्या शीटचा. इथे मेकॅनिकल शिकताना पाइपाचं वजन पेलणारा हँगर सगळ्यांना माहीत होतो. तोच पाइप आडवा हलला तर त्याला धरणार कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारलेला नसतो.

हा प्रश्न किती महागात पडतो ते लॉस एंजेलिसजवळच्या सिल्मार इथल्या ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटलात दिसलं. १९७१ च्या भूकंपात जुनं हॉस्पिटल उद्ध्वस्त झालं, म्हणून नवं अतिशय भक्कम बांधलं. १७ जानेवारी १९९४ ला नॉर्थरिजचा भूकंप आला. इमारत ताठ उभी राहिली, पण स्प्रिंकलरचे आणि थंड पाण्याचे पाइप तुटले, मजल्यांवर पाणी झालं आणि रुग्णांना बाहेर काढावं लागलं. कॅलिफोर्नियाच्या हॉस्पिटलांत पाइपांच्या ब्रेसिंगची तपासणी इतकी काटेकोर का असते, हे यावरून कळावं.

आपण असंच एक काल्पनिक हॉस्पिटल घेऊ. चार मजली, लॉस एंजेलिस परिसरातलं. वरच्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये छताच्या स्लॅबला टांगलेला ६ इंची थंड पाण्याचा पाइप, सरळ लांबी ३० मीटर. आणि गच्चीवर स्प्रिंगांवर बसवलेला एक चिलर. नियम एएससीई ७ या इमारतींवरच्या बलांच्या अमेरिकन कोडच्या २०१६ च्या आवृत्तीचे. २०२२ च्या आवृत्तीत सूत्राची मांडणी बदलली आहे, त्यामुळे प्रोजेक्टला कुठली आवृत्ती लागू आहे ते स्ट्रक्चरल ड्रॉइंगच्या जनरल नोट्समध्ये आधी पाहा आणि मगच कॅल्क्युलेटर उचला.

पायरी १: बल किती?

```
Fp = 0.4 × ap × SDS × Wp × (1 + 2z/h) / (Rp/Ip)
0.3 × SDS × Ip × Wp  ≤  Fp  ≤  1.6 × SDS × Ip × Wp
```

Wp म्हणजे वजन. SDS हा त्या जागेचा त्वरणाचा आकडा, तो स्ट्रक्चरल इंजिनिअर देतो, आपण १.२ धरू. Ip म्हणजे महत्त्व. भूकंपानंतरही चालू राहायला हवं अशा हॉस्पिटलमधल्या यंत्रणेला १.५. ap आणि Rp कोडच्या तक्त्यातून येतात. ap सांगतो की वस्तू स्वतः किती झुलेल, आणि Rp सांगतो की न तुटता किती वाकेल.

नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते z मध्ये. z म्हणजे वस्तू इमारतीला जिथे जोडली आहे त्या बिंदूची उंची, आणि h म्हणजे गच्चीची उंची. आपला पाइप चौथ्या मजल्यावर दिसतो, पण लोंबतो छताच्या स्लॅबला. म्हणून z/h = १. पायाखालच्या फरशीची उंची धरली तर बल गुपचूप कमी निघतं आणि तपासणारा पहिल्याच पानावर शेरा मारतो.

दुसरी जागा म्हणजे सांधे. आपला पाइप ग्रूव्ह्ड कपलिंगचा आहे आणि बी३१ या पाइपिंगच्या कोडप्रमाणे डिझाइन केलेला नाही, म्हणून ap = २.५ आणि Rp = ४.५. आकडे घातले की Fp = १.२ Wp येतं, म्हणजे पाइपाच्या वजनापेक्षा जास्त बल आडवं. किमान मर्यादा ०.५४ आणि कमाल २.८८, आपण दोन्हीच्या मधे आहोत. हाच पाइप वेल्डिंगचा असता तर Rp ९ झाला असता आणि बल निम्म्यावर, ०.६ Wp वर आलं असतं. कंत्राटदाराने मधेच वेल्डिंगऐवजी ग्रूव्ह्ड कपलिंग वापरायचं ठरवलं तर ब्रेसिंगचा हिशेब पुन्हा करावा लागतो तो यासाठी. हे बदल ई-मेलच्या तळाशी एका ओळीत येतात, वाचत जा.

पायरी २: वजन

शेड्यूल ४० चा ६ इंची पाइप मीटरला सुमारे २८.३ किलो. आतलं पाणी १८.६ किलो. इन्सुलेशन आणि कपलिंगचे तीन किलो धरले की मीटरला ५० किलो. पाणी विसरणं ही अगदी सामान्य चूक आहे, कारण पुरवठादाराच्या तक्त्यात रिकाम्या पाइपाचं वजन असतं. मोठा व्हॉल्व्ह किंवा स्ट्रेनर असेल तर त्याचं वजन वेगळं धरा आणि त्याच्याजवळ ब्रेस द्या.

काही पाइपांना ब्रेसची गरजच नसते. महत्त्व १.५ असेल तर लवचीक धातूचा १ इंचापर्यंतचा पाइप बहुधा सुटतो. सगळ्या हँगरची लांबी १२ इंच किंवा कमी असेल तरही काही वजनमर्यादेत सूट मिळते. पण त्या सुटीत ‘सगळ्या’ हा शब्द खरा आहे. बीमखाली एकच हँगर १४ इंचांचा झाला तर त्या सबंध रनची सूट गेली.

पायरी ३: अंतर

ब्रेस दोन दिशांना लागतात: पाइपाला आडवा धरणारा आणि पाइपाच्या लांबीच्या दिशेने धरणारा. स्टीलच्या पाइपासाठी रूढ कमाल अंतर आडव्या ब्रेसला ४० फूट, लांबीच्या ब्रेसला ८० फूट. म्हणजे ढोबळ १२ आणि २४ मीटर. नवीन माणूस हे आकडे पाहतो, १२-१२ मीटरवर खुणा करतो आणि शीट संपवतो. पण ती वरची मर्यादा आहे. खरं अंतर बहुतेक वेळा अँकर ठरवतो, म्हणून आधी १२ मीटर धरून पाहू.

१२ मीटर पाइप म्हणजे ६०० किलो. त्याला १.२ ने गुणलं की ७२० किलो, म्हणजे ७.०६ किलोन्यूटन आडवं बल. ब्रेस ४५ अंशात असेल तर ब्रेसमध्ये १०.० किलोन्यूटन आणि त्याचा उभा भाग पुन्हा ७.०६. कोन आडव्यापासून ६० अंश झाला तर हाच उभा भाग १२.२ होतो. साइटवर डक्ट आडवा आला म्हणून ब्रेस ‘थोडा उभा’ लावला, हे वाक्य ऐकलं की हिशेब परत काढायचा.

आता या उभ्या भागाचं काय होतं ते नीट पाहा, कारण केबल आणि घन ब्रेस यांतला फरक इथेच आहे. केबल फक्त ओढू शकते, म्हणून ती दोन्ही बाजूंना जोडीने लावतात. भूकंपात एका बाजूची केबल ताणली की ती पाइपाला वर उचलू पाहते, आणि हँगर रॉडमध्ये दाब येतो. रॉड ओढ सहन करायला केलेला असतो, दाबात तो वाकतो.

आपले हँगर ३ मीटरवर आहेत, प्रत्येकावर १५० किलो, म्हणजे १.४७ किलोन्यूटन. कोडप्रमाणे वजनाचा फक्त काही भाग मदतीला धरता येतो: ०.९ मधून उभ्या भूकंपाचे ०.२ × १.२ वजा करून ०.६६, म्हणजे ०.९७ किलोन्यूटन. उरलेला दाब ६.१ किलोन्यूटन. पाऊण इंची रॉडचा आट्यांच्या मुळाशी व्यास सुमारे १५.७ मिलिमीटर. ९०० मिलिमीटर लांबीला त्याची वाकण्याची मर्यादा ७.३ किलोन्यूटन निघते, आणि सुरक्षेचे गुणक लावले की वापरता येण्याजोगे ५.७. म्हणजे रॉड थोडक्यात कमी पडतो आणि त्याला स्टिफनर लागतो, म्हणजे रॉडला क्लॅम्पने जखडलेला स्ट्रट किंवा अँगल. निर्मात्याचे तक्ते तर अनेकदा नुसत्या लांबीवरूनच स्टिफनर मागतात.

घन ब्रेस, म्हणजे स्ट्रट किंवा पाइपाचा, एकाच बाजूला लावला तरी चालतो, कारण तो ओढतो आणि ढकलतोही. पण ढकलताना तो पाइपाला खाली रेटतो आणि तेवढी ओढ हँगर रॉडमध्ये, पर्यायाने रॉडच्या वरच्या अँकरमध्ये येते. दीड किलोन्यूटनसाठी निवडलेल्या त्या अँकरवर अचानक आणखी सात येतात. ब्रेसचा अँकर सगळे तपासतात, शेजारच्या हँगरचा अँकर कोणी पाहत नाही. हँगरचे अँकर आधीच बसून गेलेल्या जुन्या इमारतीत मी केबललाच पसंती देतो ती याच कारणाने. एकाच रनमध्ये एकाच दिशेला केबल आणि घन ब्रेस मिसळू नका. घन ब्रेस ताठ असतो, तो सगळं बल स्वतःकडे घेतो आणि केबल नुसत्या लोंबत राहतात.

पायरी ४: अँकर

अँकर काँक्रीटमध्ये असेल तर कोड आणखी एक गुणक लावतो, कारण काँक्रीट फुटतं ते सूचना न देता. पाइपांसाठी हा अतिबल गुणक २ आहे. त्यामुळे १२ मीटरच्या ब्रेसच्या अँकरवर १४.१ किलोन्यूटन ओढ आणि १४.१ किलोन्यूटन कातर बल येतं. शिवाय ब्रेसचा ब्रॅकेट स्लॅबला एका कडेवर टेकून अँकरला उचकटतो, म्हणजे ओढ आणखी वाढते. किती, ते ब्रॅकेटच्या घडणीवर आहे आणि निर्माता सांगतो, आपण १.३ पट धरू. ओढ झाली १८.४.

आता समोरची ताकद. २८ मेगापास्कलच्या, तडे गेलेल्या धरलेल्या काँक्रीटमध्ये, नंतर बसवलेल्या एका अँकरसाठी एसीआय ३१८ या काँक्रीटच्या कोडच्या १७ व्या प्रकरणाचं सूत्र असं:

```
Nb = 7 × √f'c × hef^1.5        (N, MPa, mm)
hef = 80  : 26.5 kN × 0.65 × 0.75 = 12.9 kN
hef = 100 : 37.0 kN × 0.65 × 0.75 = 18.1 kN
```

०.६५ हा नेहमीचा ताकद कमी करणारा गुणक, ०.७५ भूकंपासाठी. hef म्हणजे अँकरची परिणामकारक खोली. ती भोकाच्या खोलीपेक्षा कमी असते. ८० मिलिमीटरचा अँकर १८.४ च्या आसपासही पोचत नाही, १०० चासुद्धा थोडक्यात हुकतो, आणि कातर बल तर अजून मोजलेलंच नाही.

इथे बरेच जण आणखी मोठ्या अँकरकडे वळतात. माझं मत उलट आहे: अंतर ६ मीटर करा. सगळी बलं निम्मी होतात. अँकरवर ओढ ९.२, कातर ७.०६. ८० मिलिमीटरच्या अँकरला ओढीत ९.२/१२.९ = ०.७१, त्याची कातर क्षमता २० किलोन्यूटन धरली तर ०.३५. बेरीज १.०६, आणि मर्यादा १.२. बसला. शिवाय रॉडमधला दाब ६.१ वरून २.६ वर आला, म्हणजे ताकदीसाठी स्टिफनरची गरज उरली नाही. ३० मीटरमध्ये ३, ९, १५, २१ आणि २७ मीटरवर असे पाच आडवे ब्रेस. दोन-तीन ब्रेस वाढले, पण खोल भोकं, सळईला लागणारी ड्रिल आणि पातळ स्लॅबची कटकट गेली.

लांबीच्या दिशेला सबंध ३० मीटरचं बल १७.७ किलोन्यूटन आहे. तेच ब्रेस, तेच अँकर वापरले तर पाच लागतील. किंवा दोन अँकरचा ब्रॅकेट घेऊन तीन जागा पुरतात. मात्र दोन अँकरमधलं अंतर खोलीच्या तिप्पट, म्हणजे इथे २४० मिलिमीटर, नसेल तर त्यांचे काँक्रीटचे शंकू एकमेकांत घुसतात आणि ताकद दुप्पट होत नाही. पाइप कोपऱ्यात वळत असेल तर एल्बोपासून ६०० मिलिमीटरच्या आत पलीकडच्या रनला लावलेला आडवा ब्रेस या रनच्या लांबीच्या ब्रेसचं काम करू शकतो. तो तेवढं बल पेलतो का, हे अर्थातच तपासून.

केबलचा आकार निवडताना एक सापळा आहे. आपले सगळे आकडे अंतिम बलाचे आहेत, तर काही निर्मात्यांचे तक्ते कामाच्या बलाचे असतात. तशा तक्त्याशी तुलना करताना भूकंप बलाला ०.७ ने गुणायचं: ६ मीटरला ब्रेसमध्ये ५.० किलोन्यूटन, तक्त्यासाठी ३.५. तक्त्याच्या कोपऱ्यातली बारीक ओळ हे सांगते.

अँकरच्या जातीबद्दल थोडक्यात. यांत्रिक अँकर एसीआय ३५५.२ प्रमाणे आणि केमिकल अँकर ३५५.४ प्रमाणे तडे गेलेल्या काँक्रीटमध्ये आणि भूकंपासाठी तपासलेला हवा, आणि त्याचा मूल्यांकन अहवाल हातात हवा. वरच्या हिशेबातला काँक्रीट फुटण्याचा आकडा सूत्राचा आहे. अँकर घसरून बाहेर येण्याचा आकडा अहवालातच मिळतो, आणि तो कमी असेल तर तोच चालतो. स्वस्त ड्रॉप-इन अँकरांपैकी अनेकांना अशी मान्यता नसते. बंदुकीने मारलेली पिन ब्रेससाठी वापरायची नाही, त्यासाठी खास मान्यता असेल तरच. छताला सतत ओढ झेलणाऱ्या जागी मी केमिकल अँकर टाळतो. १० जुलै २००६ ला बोस्टनच्या बोगद्यात छताचे काँक्रीटचे पॅनेल कोसळले आणि मोटारीतल्या एका बाईचा जीव गेला, त्याच्या मुळाशी इपॉक्सीचं संथपणे सरकत जाणं होतं.

पायरी ५: गच्चीवरचा चिलर

चिलर ४००० किलोचा, गुरुत्वमध्य १.१ मीटर उंच, चार कोपऱ्यांवर स्प्रिंग, रुंदीच्या दिशेत आधारांमधलं अंतर २ मीटर. स्प्रिंगवर बसलेल्या यंत्राला ap = २.५ आणि Rp = २. आकडे घाला: Fp = २.७ Wp, जवळजवळ कमाल मर्यादेला टेकलेलं. हाच चिलर थेट बोल्ट केला असता तर ap = १, Rp = २.५ आणि बल ०.८६ Wp. स्प्रिंगमुळे बल तिपटीहून जास्त झालं. खाली ऑपरेशन थिएटर असेल तर कंपनासाठी स्प्रिंग लागणारच, पण खाली नुसतं गोदाम असेल तर हा प्रश्न अकूस्टिक सल्लागाराला विचारून पाहायला हरकत नाही.

आडवं बल १०६ किलोन्यूटन, प्रत्येक कोपऱ्यावर २६.५. उलटवणारा आघूर्ण १०६ × १.१ = ११६.६ किलोन्यूटन-मीटर. वजनाचा विरोध ०.६६ × ३९.२ × १ = २५.९. उरलेल्या ९०.७ ला २ मीटरने भागलं की एका बाजूला ४५.३, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला २२.७ किलोन्यूटन वर ओढ. भूकंप तिरका आला तर एखाद्या कोपऱ्याला याहून जास्त. आणि अँकर काँक्रीटमध्ये असतील तर आडवं बल दुप्पट करून वजनाचा विरोध मात्र तोच ठेवायचा: ओढ ५१.८, कातर ५३. ओढ दुपटीहून जास्त वाढली हे लक्षात घ्या. आधीचं उत्तर नुसतं दोनने गुणून चालत नाही.

एवढं बल चार अँकरच्या प्लेटलाही जड जातं, तेही १०० मिलिमीटरच्या पॅडमध्ये. पॅड स्लॅबला सळयांनी बांधलेला नसेल तर पॅडसकट यंत्र सरकेल. म्हणून मोठ्या यंत्राला इमारतीच्या बीमवर टेकलेली स्टीलची फ्रेम आणि तिला बोल्ट किंवा वेल्डिंग हा मार्ग सरळ पडतो. तिथे काँक्रीटचा तो दुप्पट गुणक लागत नाही. पातळ पत्र्याच्या कर्बवर यंत्र नुसतं ठेवून स्क्रू मारणं हे भूकंपाचं डिझाइन नव्हे. कर्ब या बलासाठी प्रमाणित असेल तरच तो हिशेबात धरायचा.

स्प्रिंगच्या घरात यंत्राला अडवणारे रबरी थांबे असतात. यंत्र आणि थांबा यांत ६ मिलिमीटरपर्यंतच फट चालते. त्याहून जास्त ठेवली तर यंत्र वेग घेऊन आदळतं, म्हणून कोड बल दुप्पट धरायला सांगतो. चिलरला येणारा पाइप लवचीक जोडाने जोडा आणि जोडाअलीकडचा पाइप स्वतंत्र ब्रेसने धरा. नाहीतर यंत्राचं हलणं पाइपाच्या फ्लँजवर येतं.

साइटवर काय पाहायचं

ब्रेस हँगर रॉडपासून १०० ते १५० मिलिमीटरच्या आत आहे का? लांब असेल तर रॉडमधल्या दाबाचा आपला सगळा हिशेब खोटा ठरतो. केबल हाताने दाबल्यावर किंचित हलावी, पण झोळ नको. गिटारच्या तारेसारखी ताणलेली असेल तर तिने पाइप आधीच वर उचललेला असतो आणि शेजारचे हँगर जास्त वजन घेत असतात. एका ब्रेसचं टोक स्लॅबला आणि त्याच पाइपाच्या पुढच्या ब्रेसचं टोक वेगळ्या हलणाऱ्या भिंतीला, असं दिसलं तर थांबवा. इमारतीच्या सांध्यावरून पाइप जात असेल तर तिथे लवचीक जोड हवा आणि ब्रेस सांध्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे.

अँकरजवळ अर्धवट मारलेलं आणि सोडून दिलेलं भोक दिसलं तर ड्रिल सळईला लागली होती असं समजा. नवं भोक जुन्याला खेटून मारलंय का, आणि जुनं भोक भरलंय का, ते विचारा. गच्चीवर स्प्रिंगांपाशी वाकून बघा: वाहतुकीसाठी घट्ट केलेले बोल्ट काढले नसतील तर स्प्रिंग दबलेलीच राहते आणि चिलर सुरू झाल्यावर खालच्या मजल्यावर गुणगुण ऐकू येते. थांब्याची फट फीलर गेजने चारही कोपऱ्यांवर मोजा, पाणी भरल्यानंतर. रिकाम्या यंत्रावर मोजलेली फट भरल्यावर बदलते.